गोडा मसाला आणि जाहिरातीचा हिशेब : इंदूरहून प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

आम्ही रामबागेत राहतो. सासूबाई, म्हणजे आई, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला करतात. पुड्या भरणं, वेबसाइट आणि हिशेब माझ्याकडे. गेल्या दिवाळीआधी इन्स्टाग्रामवर पहिल्यांदा पैसे घालून जाहिरात केली. जाहिरातीच्या पॅनेलवर `Purchase ROAS` 2.4 दिसत होता, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे 2 रुपये 40 पैशांची विक्री. मी तेव्हा ठरवलं होतं की दीडच्या वर गेलं की आपण फायद्यात. म्हणून 14,000 रुपये होईपर्यंत जाहिरात थांबवलीच नाही.

आज बँकेचं स्टेटमेंट, कुरिअरची बिलं आणि ऑर्डरची यादी शेजारी शेजारी ठेवून बसले. 250 ग्रॅमची एक पुडी 320 रुपयांना, घरपोच. ऑर्डर 105. त्यातल्या 75 कॅश ऑन डिलिव्हरीच्या, आणि त्या 75 पैकी 23 पार्सलं परत आली. पॅनेलला हे कळत नाही. तिथे ऑर्डर पडली की 320 रुपये जमा धरले जातात, माणसाने दार उघडून पैसे दिले की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

नुकसान नक्की किती ते आज काढत नाही. आधी एका पुडीचा खरा खर्च हवा, कारण दीडचा आकडा मी जिथून काढला तो खर्चच चुकीचा होता असा मला दाट संशय आहे.

9 जानेवारी

संशय खरा निघाला. तेव्हा मी सियागंज बाजारातल्या सामानाचं बिल भागिले दहा किलो एवढंच केलं होतं: 3,950 रुपये, म्हणजे किलोला 395, पुडीला 99. 320 मधून 99 गेले की 221 उरतात, आणि 320 भागिले 221 म्हणजे 1.45. हाच तो "दीड".

आज आईंनी पुन्हा दहा किलोंचा घाणा घातला तेव्हा मी वजनकाटा घेऊन शेजारी बसले. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, सगळं कच्चं वजन करून घेतलं. भाजताना ओल उडते. खोबऱ्याचा कीस बदामी होईपर्यंत परतला तेव्हा परातीतला ढीग डोळ्यांदेखत खाली बसला. कांडपावरून आणल्यावर चाळताना दगडफुलाचा चोथा वर राहिला, थोडी पूड यंत्रातच राहिली. डब्यात भरलेला मसाला 9 किलो 100 ग्रॅम. गेल्या वर्षी ही 900 ग्रॅमची तूट मी धरलीच नव्हती.

शिवाय तेल-गॅस 180, कांडप 250, आणि भाजायला-चाळायला येणाऱ्या मावशींची दिवसाची मजुरी 500. एकूण 4,880. त्याला 9.1 ने भागलं की किलोला 536 आणि पुडीला 134 रुपये. आईंच्या स्वतःच्या मेहनतीचे पैसे यात अजून धरलेले नाहीत. त्या "माझे कसले" म्हणतात. मला ते पटत नाही, पण तो वाद वेगळा आहे आणि इथे मी तो सोडवलेला नाही. कोणी असा हिशेब करत असेल तर घरातल्या माणसाचा दिवस निदान एका ओळीत लिहून ठेवा, शून्य धरला तरी तो शून्य दिसला पाहिजे.

13 जानेवारी

उद्या संक्रांत, घरात तिळाचा वास आहे आणि मी कुरिअरच्या बिलांत. 250 ग्रॅमच्या पार्सलला अर्ध्या किलोचा दर लागतो, आम्हाला सरासरी 68 रुपये. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर वर 40. पार्सल परत आलं तर परतीचे आणखी 60. ऑनलाइन पैसे भरले तर पेमेंट गेटवेचे 2 टक्के. पुडी, लेबल, खोका मिळून 22. जीएसटीची नोंदणी आहे, म्हणून हे सगळे आकडे जीएसटी वगळून घेतले.

आणि विक्रीची किंमतही जीएसटी वगळूनच घ्यायला हवी. मसाल्यावर 5 टक्के आहे, तो 320 च्या आतच आहे. 320 भागिले 1.05 म्हणजे 304 रुपये 76 पैसे आपले, उरलेले सरकारचे. पॅनेल मात्र 320 च मोजतं. हे ध्यानात ठेवायचं: भागाकारात वर तीच किंमत हवी जी पॅनेल मोजतं, आणि खाली तेच पैसे हवेत जे खरोखर हातात उरतात.

17 जानेवारी

एका पुडीचे तीन आकडे काढले. ऑनलाइन पैसे भरलेल्या ऑर्डरमागे उरतात 74 रुपये. कॅश ऑन डिलिव्हरी आणि पोहोचली, तर 41. परत आली, तर जाण्याचे, येण्याचे, पॅकिंगचे आणि मसाल्याचे मिळून 284 जातात.

मसाल्याचे 134 परतीच्या तोट्यात धरायचे की नाही, यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. माझं म्हणणं, पुडी बंद आहे, पुन्हा विकू. आईंनी परत आलेली एक पुडी हातात घेतली, दाबली, कडेला नाक लावलं आणि म्हणाल्या, "वीस दिवस कुठल्या गोदामात, कुठल्या उन्हात पडली होती, माहीत आहे का तुला? खोबरं आहे यात." मग पुडी उघडून मला हुंगायला दिली. वास उतरला होता, खोबऱ्याचा किंचित खवट वास पुढे येत होता. परत आलेला माल पुन्हा विकायचा नाही असं ठरलं. कापड किंवा भांडी विकणाऱ्याला हा आकडा धरावा लागणार नाही, खाण्याची वस्तू विकणाऱ्याने धरावाच.

मग बरोबरीचा रोआस, म्हणजे जिथे ना नफा ना तोटा, तो काढायला शीटमध्ये सूत्र मांडलं. `B1` पॅनेल मोजतं ती किंमत, `B2` ऑनलाइन ऑर्डरमागे उरणारे, `B3` पोहोचलेल्या कॅश ऑन डिलिव्हरीमागे उरणारे, `B4` परत आलेल्या पार्सलमागे जाणारे, `B5` कॅश ऑन डिलिव्हरीचा वाटा, `B6` त्यातला परत येणारा वाटा.

```
=B1/((1-B5)*B2+B5*(1-B6)*B3-B5*B6*B4)
```

दिवाळीचे आकडे घातले तर उत्तर उणे 15 च्या आसपास आलं. मला वाटलं कंस चुकला. अर्धा तास कंस तपासण्यात गेला. शेवटी हातानं मांडलं: ऑनलाइनच्या 30 ऑर्डरचे 2,220 आले, पोहोचलेल्या 52 चे 2,132 आले, परत आलेल्या 23 चे 6,532 गेले. म्हणजे जाहिरातीचा एक पैसाही न धरता आम्ही 2,180 रुपयांनी खाली होतो.

सूत्र बरोबर होतं. उणे उत्तराचा अर्थ असा की या मालाला, या किमतीला, या परतीला बरोबरीचा रोआस अस्तित्वातच नाही. 2.4 काय, 10 आला असता तरी तोटाच झाला असता, कारण प्रत्येक जास्तीची ऑर्डर तोटा वाढवत होती. मी मात्र तेव्हा चांगल्या जाहिरातीवर रोजचा खर्च वाढवत होते.

21 जानेवारी

सीएंकडे जाऊन आले. प्रश्न एकच होता: जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो परत मिळतो ना? पॅनेलवरचा खर्च त्या 18 टक्क्यांशिवाय दिसतो, म्हणून तो खर्चात धरायचा की नाही हे ठरवायचं होतं.

त्यांनी कागदावर दोन रकाने पाडले. विक्रीवर आपण 5 टक्के गोळा करतो. कुरिअर, गेटवे, जाहिरात या सेवांवर 18 टक्के देतो. क्रेडिट मिळतं, पण ते वापरायला तेवढा भरायचा कर हवा. जाहिरातीचा खर्च मोठा असेल तर आपला भरायचा कर आधीच संपतो आणि उरलेलं क्रेडिट खात्यात पडून राहतं. कमी दराच्या मालावर साचलेल्या क्रेडिटचा परतावा मागता येतो, पण तो कच्च्या मालावरच्या कराचा, सेवांवरच्या कराचा नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम कायम ठेवला.

म्हणजे ज्याच्या मालावर 18 टक्के जीएसटी आहे त्याला ही अडचण येणार नाही. मसाला, फरसाण अशा 5 टक्केवाल्यांना येईल. मी सावधपणे सगळेच 18 टक्के खर्चात धरायचं ठरवलं आणि सूत्रात `B1` च्या पुढे `*1.18` लावलं. पुढे थोडं क्रेडिट वापरलं गेलं तर ते वरचं.

दिवाळीचा शेवटचा हिशेब मग असा: मालावर 2,180 गेले, जाहिरातीवर जीएसटीसह 16,520. एकूण तोटा 18,700. आईंना हा आकडा सांगणं जड गेलं, पण सांगितला.

26 जानेवारी

एक पुडी जाहिरातीतून विकायची नाही हे नक्की. कुरिअरचे 68 रुपये एका पुडीवर पडतात तिथेच सगळा नफा जातो. तीन पुड्यांचा संच केला: गोडा दोन, कांदा-लसूण एक. किंमत 899.

मसाला 396, पॅकिंग 48, गेटवे 18. कुरिअरला एक किलोचा दर 105 धरला होता, कारण भरलेला खोका काट्यावर 900 ग्रॅम भरला. पुण्याला भावाकडे नमुना पाठवला तर बिल दीड किलोचं आलं. फोन केल्यावर कळलं की ते आकारमानाचं वजनही काढतात आणि जे जास्त असेल ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. माझा खोका 22 × 18 × 14 चा होता: 1.11 किलो, म्हणून पुढच्या टप्प्यात गेला. पुड्या आडव्या लावल्या तर 20 × 16 × 12 च्या खोक्यात बसतात, ते 0.77 किलो होतं. 200 जुने खोके घरात पडून आहेत, ते आता दुकानात माल पोहोचवायला वापरू.

29 जानेवारी

संचाचे आकडे. ऑनलाइन ऑर्डरमागे उरतात 289. कॅश ऑन डिलिव्हरी पोहोचली तर 267. परत आली तर 644 जातात, म्हणजे एका परतीत जवळजवळ अडीच विक्र्यांची कमाई.

कॅश ऑन डिलिव्हरी 60 टक्के आणि त्यातली पाव पार्सलं परत, असं धरून सूत्रात घातलं. उत्तर 7.62. याच संचाचा "किंमत वजा मसाला" असा माझा जुना हिशेब केला असता तर 1.79 आलं असतं. दोन्ही आकडे खरे वाटतील असेच दिसतात, आणि पॅनेलवर 3 दिसला असता तर मी पुन्हा आनंदाने खर्च वाढवला असता.

`B5` मध्ये शून्य घातलं, म्हणजे फक्त ऑनलाइन पैसे, तर 3.67. कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली की ऑर्डर कमी होणार हे उघड आहे, आमच्या दिवाळीच्या ऑर्डरींत तीच जास्त होती. पण 7.62 गाठण्याची आशा मला वाटत नाही, 3.67 निदान प्रयत्न करण्याजोगा आहे. भाऊ म्हणाला की शंभर रुपये आगाऊ घेऊन बाकी दारात घेता येतात. ते मी अजून करून पाहिलेलं नाही.

2 फेब्रुवारी

जाहिरात चालू असताना रोआसपेक्षा एक सोपा आकडा हाताशी हवा म्हणून 289 ला 1.18 ने भागलं: एका ऑर्डरमागे पॅनेलवर जास्तीत जास्त 245 रुपये खर्च चालेल. हा आकडा आईंनाही लगेच कळला. "245 च्या वर गेलं की घरचं घालतोय" असं त्यांनीच म्हटलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवलं.

वेबसाइटवर पहिल्या ऑर्डरला 10 टक्के सूट देणारं कूपन कधीपासून चालू होतं. 899 चे 809 झाले की उरतात 289 ऐवजी 205. दहा टक्के सूट दिसते, पण आपल्या हातातलं जवळजवळ 29 टक्के जातं आणि बरोबरीचा रोआस 4.66 वर चढतो. कूपन बंद केलं.

मर्यादा आधीच लिहून ठेवल्या, म्हणजे ऐन वेळी मन बदलायला नको. एकूण 8,000, रोज 800. 2,500 खर्च होऊन पाचपेक्षा कमी ऑर्डर असतील तर तिथेच बंद. मधे खर्च वाढवायचा नाही.

16 फेब्रुवारी

5 ते 14 फेब्रुवारी जाहिरात चालली. पॅनेल म्हणतं 31 खरेदी. वेबसाइटवर त्या दिवसांतल्या ऑर्डर 29, त्यातल्या दोन ओळखीच्यांच्या, मी व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेल्या लिंकवरून आलेल्या. म्हणजे 27. पॅनेलवर जास्त का, हे शोधायला एक संध्याकाळ गेली. पैसे भरल्यावर जे धन्यवादाचं पान येतं, ते कोणी पुन्हा उघडलं की खरेदी पुन्हा मोजली जात होती. मी स्वतः एक ऑर्डर घालून पान तीनदा रिफ्रेश केलं आणि आणखी तीन खरेद्या दिसल्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने एका ऑर्डर क्रमांकाला एकदाच नोंद होईल असं करून दिलं.

खरा रोआस 3.03, ऑर्डरमागे खर्च 296. मालातून आले 7,803, जाहिरातीला जीएसटीसह गेले 9,440. तोटा 1,637. मर्यादा आधी लिहिलेली होती म्हणून एवढ्यावरच थांबला. परत एकही पार्सल आलं नाही.

20 फेब्रुवारी

आता दोनच वाटा: जाहिरात सुधारणं किंवा उरणारे पैसे वाढवणं. जाहिरात किती सुधारेल ते मला सांगता येत नाही, किंमत मात्र माझ्या हातात आहे. 899 चे 979 केले. वाढलेल्या 80 मधले 4 रुपये जीएसटीला आणि 2 गेटवेला जातात, बाकी सगळे उरतात, कारण मसाला, खोका, कुरिअर तेच आहेत. उरणारे 289 वरून 363 झाले, बरोबरी 3.67 वरून 3.18 वर आली आणि ऑर्डरमागे 308 पर्यंत मुभा मिळाली.

आईंना हे आवडलं नाही. सुट्या तीन पुड्या 960 ला मिळतात, मग संच महाग कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. संचात त्यांच्या हातची मेतकुटाची 50 ग्रॅमची पुडी घातली. तिचे पुडीसकट 14 रुपये धरले, म्हणजे उरणारे 349, बरोबरी 3.31, मुभा 295. खोका तोच पुरला, वजन किलोच्या आतच राहिलं, ते दोनदा तपासलं.

12 मार्च

दुसरी फेरी 23 फेब्रुवारी ते 4 मार्च, तोच 8,000 चा खर्च, तेच व्हिडिओ. शेवटचं पार्सल पोहोचल्याशिवाय मोजायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून नोंद आज. ऑर्डर 28, पॅनेलवरही 28. सगळ्या पोहोचल्या. रोआस 3.43, ऑर्डरमागे खर्च 286.

मालातून 9,772 आले, जाहिरातीला 9,440 गेले. शिल्लक 332 रुपये.

28 ऑर्डर हा आकडा लहान आहे. एक ऑर्डर कमी पडली असती तरी हाच हिशेब तोट्यात गेला असता, म्हणून खर्च दुप्पट करायचं धाडस करत नाही. हेच लोक पुन्हा मागवतील तेव्हा त्यांच्यावर जाहिरातीचा खर्च नसेल, हे खरं आहे, पण ते पैसे आजच्या बरोबरीत धरत नाही. फेब्रुवारीच्या 27 जणांपैकी आत्तापर्यंत तिघांनी पुन्हा मागवलंय. मे अखेरीस ही यादी पुन्हा काढेन.

पुढची फेरी चैत्रात, मिरची बाजारात आल्यावर. त्याआधी नव्या भावाने घाणा घालून गोड्याच्या पुडीचे 134 आणि कांदा-लसूणच्या पुडीचे 128 पुन्हा मोजायचे आहेत. कालच सियागंजात खोबरं महाग लागलं.